प्रोफाइलसाठी कॅम्पेनचे आकडे पाठवण्यापूर्वी

तुमची मार्केटिंग प्रोफाइल लिहायला घेतली की काम बहुतेक वेळा एकाच जागी अडतं: गूगल अ‍ॅड्स आणि मेटा या दोन्ही डॅशबोर्डांवरची कन्व्हर्जन्स बेरीज करून आमच्याकडे येतात. मग आकडे परत मागवावे लागतात आणि मसुदा लांबतो.

ही बेरीज चुकते, कारण दोन्ही डॅशबोर्ड एकच ऑर्डर आपापल्या खात्यात धरतात. मेटाच्या ठरलेल्या सेटिंगमध्ये जाहिरातीवर क्लिक केल्यापासून 7 दिवसांत किंवा ती नुसती पाहिल्यापासून 1 दिवसात झालेली खरेदी मोजली जाते. गूगल अ‍ॅड्समध्ये क्लिकनंतर साधारणपणे 30 दिवस धरतात. एखाद्याने सोमवारी मेटाच्या जाहिरातीवर क्लिक केलं आणि गुरुवारी गूगलवर शोधून तिथल्या जाहिरातीतून खरेदी केली, तर ऑर्डर एक आणि दावेदार दोन.

उदाहरण घ्या. तीन महिन्यांचं बजेट 8 लाख. गूगल 1,700 ऑर्डर दाखवतं, मेटा 1,400. प्रोफाइलमध्ये जातं, ‘3,100 ऑर्डर मिळवल्या’. पण कंपनीच्या ऑर्डर नोंदीत त्या काळातल्या, सगळ्या मार्गांनी आलेल्या ऑर्डरच 2,400 आहेत. मुलाखत घेणाऱ्याने ‘एकूण विक्री किती होती?’ एवढंच विचारलं, तरी उत्तर देणं कठीण.

आम्ही हीच ओळ अशी लिहितो: ‘गूगल सर्च आणि मेटावर तीन महिन्यांत 8 लाखांचं बजेट हाताळलं, ऑर्डर गेल्या वर्षीच्या याच तीन महिन्यांतल्या 1,600 वरून 2,400 वर गेल्या (कंपनीच्या ऑर्डर नोंदीनुसार).’ आकडा लहान दिसतो खरा, पण तो कुठून आला हे वाचणाऱ्याला कळतं. तुलना मागच्या तिमाहीशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी केली, म्हणजे हंगामाचा फरक बऱ्यापैकी निघून जातो. वाढलेल्या 800 ऑर्डर सगळ्या जाहिरातींमुळेच आल्या असा दावा आम्ही करत नाही; त्याच काळात सवलत किंवा नवं उत्पादन आलं असेल तर तेही कळवा.

बजेटच्या बाबतीत तुमचा वाटा नेमका सांगा. बजेट मंजूर करणं, चॅनेलमध्ये वाटणं आणि रोजच्या बोली सांभाळणं ही वेगवेगळी कामं आहेत. तिन्हींना ‘सांभाळलं’ म्हटलं, तर पुढच्याच प्रश्नाला अडचण होते. रक्कम गोपनीय असेल तर टक्केवारी चालते, मात्र ती कशाच्या तुलनेत हे सोबत हवंच.

काही ग्राहकांना ही विचारणा जाचक वाटते. पण मुलाखतीत आकड्यांची जबाबदारी तुमच्यावर येते, म्हणून स्रोत नसलेला आकडा आम्ही मसुद्यात घेत नाही. आमच्या माहिती-तक्त्यात प्रत्येक कॅम्पेनसमोर कालावधी, चॅनेलनिहाय खर्च, निकाल, तुलनेचा काळ आणि आकड्याचा स्रोत भरून पाठवा. पूर्ण भरलेला तक्ता आला की मसुदा थेट सुरू होतो, आणि त्याच आकड्यांवर विचारले जाऊ शकणारे प्रश्न आम्ही वेगळं शुल्क न घेता सोबत देतो.