बायका जास्त जगतात म्हणून विधवा जास्त? हिशोब तेवढा सोपा नाही

बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, म्हणून म्हातारपणी विधवा जास्त दिसतात, असं आपण सहज म्हणून जातो. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. बाई पुरुषापेक्षा सरासरी किती जास्त जगते, हा एक आकडा. नवऱ्यामागे ती किती वर्षं जगते, हा दुसरा.

पहिला आकडा आपल्याकडे लहान आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१६-२० च्या तक्त्यांनुसार भारतात जन्मावेळचं आयुर्मान पुरुषांचं ६८.६ आणि स्त्रियांचं ७१.४ वर्षं. म्हणजे तीन वर्षांहूनही कमी फरक. जपानमध्ये तो सहा वर्षांचा आहे. आणि आपल्याकडे हा फरक नेहमी असाच होता असंही नाही. १९७०-७५ मध्ये भारतीय स्त्रीचं आयुर्मान पुरुषापेक्षा सुमारे दीड वर्षाने कमी होतं. लहानपणी मुलींची आबाळ आणि पुढे बाळंतपणातले मृत्यू यांनी निसर्गाने दिलेली आघाडी खाऊन टाकली होती. ऐंशीच्या दशकात पारडं फिरलं.

निसर्गाचा वाटा किती, याचा एक सुंदर पुरावा जर्मनीतल्या बव्हेरियात मिळाला. मार्क लुई या लोकसंख्याशास्त्रज्ञाने तिथल्या कॅथलिक मठांमधल्या अकरा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या नोंदी तपासल्या. मठात दोघांची दिनचर्या, जेवण, जोखीम जवळपास सारखीच. तिथे फरक उरला साधारण एका वर्षाचा. मठाबाहेर मात्र विसाव्या शतकात तो वाढत वाढत त्याच्या कितीतरी पट झाला. इस्ट्रोजेनमुळे हृदयाला मिळणारं संरक्षण, दोन एक्स गुणसूत्रं यांसारखी जैविक कारणं खरी आहेत, पण मोठा भाग तंबाखू, दारू, अपघात, धोक्याची कामं आणि दवाखान्याची पायरी चढायला टाळाटाळ यांचा आहे.

आता दुसरा आकडा. समजा, इचलकरंजीतल्या सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ ६५ वर्षांचे आहेत आणि बायको ६०ची. त्यांच्या वयाच्या पुरुषाला सरासरी साधारण १४ वर्षं उरलेली असतात, तिच्या वयाच्या बाईला १९. फरक पाच वर्षांचा. दोघं साठचेच असते तर तो दीडेक वर्षाचाच राहिला असता. उरलेला फरक शरीराने आणलेला नाही, लग्न जुळवताना मुलगा चार-पाच वर्षांनी मोठा बघण्याच्या आपल्या रीतीने आणलेला आहे.

तरीही ‘पाच वर्षं’ हे उत्तर चुकीचंच. सरासरीतून सरासरी वजा केली की काही जोडप्यांत बायको आधी गेलेली असते, तीही त्यात मिसळते. प्रत्यक्ष विधवा झालेल्या बाईचा प्रश्न निराळा असतो. ती ६५व्या वर्षी एकटी पडली, तर तिच्यापुढे सरासरी सुमारे १५ वर्षं असतात.

शिवाय विधुर पुरुष पुन्हा लग्न करतो, बाई सहसा करत नाही. त्यामुळे गणनेच्या दिवशी तो ‘विवाहित’ म्हणून मोजला जातो. २०११ च्या जनगणनेत विधवा सुमारे ४.३ कोटी आणि विधुर सुमारे १.२ कोटी होते. तीन वर्षांहून कमी आयुर्मानफरकातून एवढी तफावत निघूच शकत नाही.

हा भेद कळला की म्हातारपणाच्या देखभालीचं चित्र पालटतं. नवऱ्याला पक्षाघात झाला तर पथ्यपाणी, औषधाच्या वेळा, कूस बदलणं सगळं बायको करते. म्हणजे पुरुषाच्या शेवटच्या आजारपणाची सोय लग्नातच झालेली असते. तिच्या वेळी नवरा नसतो. मग सून, मुलगी, नाहीतर पगारी मावशी. त्यात बाई जास्त जगते तशी जास्त वर्षं दुखण्यांसहही जगते. गुडघे, ठिसूळ हाडं, खुब्याचं फ्रॅक्चर यांनी जीव लगेच जात नाही, पण उठणं-बसणं परस्वाधीन होतं.

पैशाचंही तसंच. या गृहस्थांना भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून महिना २,४०० रुपये पेन्शन येत असेल, तर त्यांच्यामागे बायकोला त्याच्या निम्मे, १,२०० मिळतील. घरपट्टी, वीजबिल, गॅस मात्र निम्मे होत नाहीत. राज्य सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेचं विधवेला मिळणारं अनुदान महिना १,५०० रुपये आहे, पण त्याला उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची.

म्हणून नियोजन करायचं तर ‘आपण दोघं’ इथवर थांबू नये. पेन्शनच्या कागदांत बायकोचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, घरावर तिचं नाव आहे का, तिच्या एकटीच्या नावे खातं आहे का, हे नवरा हिंडता-फिरता असतानाच बघावं. वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयाचे खेटे घालायची वेळ साठीपुढच्या बाईवर आली, की सहसा तिच्याऐवजी दुसराच कोणी सही कुठे करायची ते सांगायला लागतो.