नोकरी सांभाळून शिकवायचे आहे? मॅनेजरची परवानगी कशी मागावी

आधी नेमणूकपत्र काढून वाचा. बहुतेक खासगी कंपन्यांच्या पत्रात ‘लेखी पूर्वपरवानगीशिवाय अन्य काम करता येणार नाही’ अशा अर्थाचे कलम असते. प्रोबेशनवर असाल तर कायम होईपर्यंत थांबलेले बरे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 1979 चे वर्तणूक नियम लागू होतात, त्यांचा मार्ग वेगळा; इथे फक्त खासगी नोकरीचे पाहू.

समजा, तुम्ही अंधेरीतल्या कंपनीत अकाउंट्समध्ये जीएसटीचे काम पाहता आणि दादरच्या एका कॉलेजने तोच विषय शिकवायला बोलावले आहे: मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सात ते आठ. ऑफिस सुटते सहाला. कागदावर हे जमते. पण मॅनेजरच्या डोक्यात पहिली येते ती 11 आणि 20 तारीख, म्हणजे जीएसटीआर-1 आणि जीएसटीआर-3बी भरण्याची मुदत. म्हणून अर्जात ‘कामावर परिणाम होणार नाही’ असे लिहून भागत नाही. त्यापेक्षा असे लिहा: ‘मॅडम, 11 आणि 20 तारखेला व त्यांच्या आदल्या दिवशी तास आला तर मी तो शनिवारी घेईन, कॉलेजला हे मान्य आहे.’ अर्थात, हे कॉलेजशी आधी बोलूनच लिहायचे. सहाला निघून संध्याकाळच्या गर्दीत दादर गाठायचे आहे हेही धरा, नाहीतर रोज पावणेसहाला बॅग आवरताना दिसाल आणि तेच सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल.

हितसंबंधांचा प्रश्न जास्त नाजूक. शिकवण्याला सहसा कुणाची हरकत नसते, हरकत असते ती कोणासाठी आणि काय वापरून शिकवता याला. कॉलेज चालवणारा ट्रस्ट तुमच्या कंपनीचा ग्राहक आहे का? क्लासचा मालक प्रतिस्पर्धी कंपनीला सल्ला देतो का? तुमचे विद्यार्थी पुढे तुमच्याच विभागात इंटर्न म्हणून येतील का? असे काही असेल तर स्वतःहून लिहा. उदाहरणार्थ, ‘माझ्या विद्यार्थ्यांच्या निवडीत मी भाग घेणार नाही.’ कंपनीची इनव्हॉइस नावे खोडूनही वर्गात दाखवू नका. रकमा आणि मालावरून जाणकार ग्राहक ओळखतो. कंपनीचा लॅपटॉपही वापरणार नाही, हे एका ओळीत नमूद करा.

अर्जासोबत कॉलेजचे पत्र जोडा. त्यात विषय, तास, कालावधी, मानधन आणि तुम्ही व्हिजिटिंग आहात, पगारी कर्मचारी नाही, एवढे असावे. पगारी नेमणूक झाली आणि पीएफ कापला गेला, तर एकाच यूएएनवर दोन नोकऱ्या दिसतात आणि एचआरकडून विचारणा होऊ शकते. मानधनावर टीडीएस कापला तर तो 26एएसमध्ये दिसेल. रिटर्नमध्ये ते उत्पन्न दाखवायचेच.

मॅनेजरशी आधी तोंडी बोला, मग त्यांना ईमेल करा आणि एचआरला कॉपीत ठेवा. ‘हो, कर ना’ यावर वर्ग सुरू करू नका. मॅनेजर बदलला की त्या होकाराचा पुरावा उरत नाही. परवानगी एका सत्रापुरती मागा. मिळायला सोपी जाते. तास वाढले किंवा कॉलेज बदलले, तर नवा अर्ज.