वटवलेली हुंडी परत येते तेव्हा: सोलापूरच्या सूत-उधारीची पार्श्वभूमी

सोलापुरात टॉवेल कारखानदार सूत उधारीवर उचलतो, तेव्हा हल्ली व्यापाऱ्याच्या हातात हुंडी पडत नाही. पुढची तारीख टाकलेला चेक पडतो. बारावीच्या वर्गात मात्र हुंडीचे धडे अजून शिकवले जातात आणि मुले विचारतात, हे कागद आता कोण वापरतो? ते मागे का पडले, हे समजायला १९८८ सालच्या एका कायदेदुरुस्तीकडे पाहावे लागते. त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो.

पेढ्यांच्या हुंड्या कायद्यापेक्षा जुन्या. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडीला ठरलेल्या दिवसांनी. १८८१ चा चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा १ मार्च १८८२ पासून लागू झाला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज त्याने मोडले नाहीत, बाजूला तसेच राहू दिले. सोलापुरातली जुनी गिरणी त्याआधीच, १८७७ साली सुरू झाली होती. पुढे रिझर्व्ह बँकेने १९५२ मध्ये आणि पुन्हा १९७० मध्ये बिलांचा, म्हणजे हुंडीसारख्याच विनिमय विपत्रांचा, बाजार उभा करायच्या योजना आणल्या. व्यापाऱ्याने बँकेत वटवलेले बिल, म्हणजे ज्यावर मुदतीआधी कसर कापून पैसे घेतले ते बिल, बँकेने पुढे पुन्हा वटवावे, ही १९७० च्या योजनेतली कल्पना. बँका मात्र कॅश क्रेडिटच देत राहिल्या, कारण ग्राहकाला आणि शाखेला तेच सोपे पडत होते.

हा कागद कसा चालतो, ते एका उदाहरणात पाहू. सूत व्यापाऱ्याने जीएसटी धरून २,००,००० रुपयांचे सूत दिले आणि ११ जानेवारीला तीन महिन्यांचे बिल काढले. कारखानदाराने त्यावर ‘स्वीकारले’ लिहून सही केली. सहीआधी ते नुसते मागणीपत्र होते, सहीनंतर कारखानदार स्वतः बांधला गेला. व्यापाऱ्याच्या वहीत प्राप्य विपत्र खाते नावे आणि कारखानदार जमा. कारखानदाराच्या वहीत व्यापारी नावे आणि देय विपत्र खाते जमा. उधारीच्या जागी कागद आला, रक्कम तीच राहिली.

देय तारीख काढताना तीन महिन्यांवर सवलतीचे तीन दिवस धरायचे, म्हणजे १४ एप्रिल. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. देय दिवस सार्वजनिक सुट्टीचा निघाला, तर कायद्याने तो आदल्या कामाच्या दिवसावर जातो, म्हणून १३ एप्रिल. बरेच जण तो १५ ला नेतात आणि इथेच चुकतात.

व्यापाऱ्याला पैशांची गरज लागली आणि ११ फेब्रुवारीला त्याने बिल बँकेत १२ टक्क्यांनी वटवले. पुस्तकातला हिशोब दोन महिन्यांचा, म्हणजे ४,००० रुपये कसर. बँक दिवस मोजते. लीप वर्ष नसेल तर ६१ दिवस भरतात आणि कसर ४,०११ रुपये होते. व्यापाऱ्याने बँक १,९५,९८९ नावे, कसर ४,०११ नावे आणि प्राप्य विपत्र २,००,००० जमा असे लिहिले. कारखानदाराच्या वहीत त्या दिवशी काहीच नाही. बिल कोणाच्या हातात गेले याने त्याचे देणे बदलत नाही.

मग ३१ मार्च येतो. व्यापाऱ्याच्या ताळेबंदात ना बिल दिसते, ना येणे. सगळे कसे स्वच्छ. पण बिल परत आले तर दोन लाख बँकेला त्यालाच द्यायचे आहेत आणि ही संभाव्य जबाबदारी फक्त तळटिपेत बसते. मोठ्या कंपन्यांच्या नव्या हिशोब मानकांत अशी वटवणूक कर्ज म्हणून दाखवावी लागते, कारण धोका विकणाऱ्याकडेच राहिलेला असतो. माझ्या मते तीच मांडणी खरी. इथल्या भागीदारी पेढ्यांना मात्र ती मानके लागू नाहीत. म्हणून व्यापाऱ्याला उधार देणाऱ्याने त्याच्या ताळेबंदात आधी तळटीप वाचावी.

१३ एप्रिलला कारखानदाराच्या खात्यात पैसे नव्हते. बँकेने नोटरीकडून अनादराची, म्हणजे बिलाचे पैसे न मिळाल्याची, नोंद करून घेतली आणि ३०० रुपये खर्च धरून व्यापाऱ्याचे खाते २,००,३०० ने कमी केले. व्यापाऱ्याची नोंद: कारखानदार २,००,३०० नावे, बँक २,००,३०० जमा. संपलेली उधारी पुन्हा उभी राहिली. कारखानदाराकडे देय विपत्र २,००,००० आणि नोंद खर्च ३०० नावे, व्यापारी २,००,३०० जमा. विद्यार्थी इथे ४,०११ ची कसरही उलटवायला जातात. ती उलटत नाही. बँकेने पैसे ६१ दिवस वापरू दिले, त्याची ती किंमत होती. देशांतर्गत बिलाला नोटरीची नोंद सक्तीची नाही, पण अनादर झाल्याचा पक्का पुरावा तीच. बँकेने व्यापाऱ्याला वेळेत अनादराची सूचना दिली नाही, तर तो सुटू शकतो. कारखानदाराला मात्र सूचना न मिळाल्याची सबब सांगता येत नाही.

पुढची तडजोड बहुधा अशी असते: ५०,३०० रोख आणि उरलेल्या १,५०,००० चे दोन महिन्यांचे नवे बिल. त्यावर १२ टक्क्यांनी ३,००० व्याज चढते आणि बिल १,५३,००० चे होते. दोघांच्याही वहीत व्याज आधी लिहायचे, नवे बिल नंतर.

तडजोड झाली नाही तर व्यापाऱ्यापुढे दिवाणी दावा आणि त्यासोबत वर्षानुवर्षांची वाट, एवढाच मार्ग होता. १९८८ ची दुरुस्ती इथेच आड आली. कायद्यात कलम १३८ घातले गेले आणि १ एप्रिल १९८९ पासून न वटलेला चेक फौजदारी गुन्हा झाला. सुरुवातीला एक वर्षापर्यंत आणि २००२ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. हे फक्त चेकपुरते. स्वीकारलेले बिल त्यात घेतले नाही. चेक व्यवहारावर लोकांचा विश्वास बसावा, असा हेतू सांगितला गेला आणि तो पटण्यासारखा आहे. पण एकाच कायद्यातल्या दोन कागदांपैकी एकाच्या मागे पोलीस आणि दुसऱ्यामागे फक्त वकील उभा केला, तर व्यापारी कोणता मागेल, हे सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कोणत्याही दुकानात कळले असते.

गंमत अशी, की पुढच्या तारखेचा चेक ती तारीख येईपर्यंत कायद्याने विनिमय विपत्रच असतो. १९९३ साली न्यायालयाने तसे स्पष्ट केले. त्यावरची तारीख आली की तो चेक होतो आणि तेव्हापासून १३८ ची ताकद त्याला मिळते. हिशोबात मात्र फरक पडला. चेक गल्ल्यात पडून राहतो, वहीत त्याची नोंद होत नाही, कारखानदाराचे नाव उधारीतच दिसते. बिलासारखी वटवणूक त्यावर मिळत नाही. व्यापाऱ्याला वसुलीचा धाक मिळाला, पण मधल्या काळातली रोकड गेली.

ती रोकड परत मिळवून देण्याचा अलीकडचा प्रयत्न म्हणजे २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर उभे राहिलेले ‘ट्रेड्स’ हे ऑनलाइन मंच. लहान उद्योग तिथे बिल चढवतो, मोठा खरेदीदार ते स्वीकारतो आणि बँका वटवणुकीच्या दरावर बोली लावतात. जुन्या बिलापासूनचा मुख्य फरक असा, की खरेदीदार चुकला तरी बँक विकणाऱ्याकडे परत येत नाही. त्यामुळे १३ एप्रिलची ती २,००,३०० ची नोंद विकणाऱ्याच्या वहीत होतच नाही आणि ३१ मार्चच्या तळटिपेचीही गरज उरत नाही. मोठ्या साखळी दुकानांना टॉवेल पुरवणाऱ्या सोलापुरी कारखानदाराला याचा उपयोग आहे. त्याला सूत देणाऱ्या व्यापाऱ्याला फारसा नाही, कारण त्याचा खरेदीदार हा कारखानदारच आणि त्याची पत पाहून बोली लावायला बँका सहसा पुढे येत नाहीत. त्या टप्प्यावर व्यवहार अजून चेकवरच चालतो.