२३५८ची वजाबाकी

गेल्या हंगामात अमळनेर तालुक्यातल्या एका जिनिंगसाठी मी शेतकऱ्यांची यादी सांभाळत होतो. काम सोपं होतं. शेतकऱ्याने मोबाइलवरचा फॉर्म भरायचा आणि कापूस आणायची पाळी आली की त्याला मेसेज जायचा. एके सकाळी पारोळ्याकडचे एक आबा थेट गेटवर आले. त्यांची पाळी दोन दिवसांपूर्वीच टळली होती. "माले मेसेज उनाच नही भो," ते म्हणाले, "सुरतले मना आंडोरले उना. त्याले काय करनं कापूसनं?"

सुरतेला कामाला असलेल्या पोराचा नंबर आमच्याकडे आला कसा? आबा खात्रीने सांगत होते की पहिला नंबर त्यांनी स्वतःचाच टाकला होता. ते खरंच बोलत होते. चूक आमच्या फॉर्मच्या एका ओळीत होती, आणि ती ओळ मीच लिहिलेली होती.

आबांच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे. त्यात आकड्यांवर गेलं की १, २, ३ येतात. आबांनी स्वतःचा नंबर तसाच टाइप केला, पुढे तिरकी रेघ मारली आणि पोराचा नंबर फोनमधल्या यादीतून उचलून चिकटवला. तो इंग्रजी आकड्यांत होता. खरे नंबर इथे देत नाही. भारतात मोबाइल नंबर ५ने सुरू होत नाहीत, म्हणून ५चे दोन खोटे नंबर घेऊ. फॉर्ममध्ये आलं ते असं:

```
५०२५७४१३६९ / 5031468207
```

यातला पहिला नंबर आमच्या प्रोग्रामला दिसलाच नाही. का, ते समजायला संगणक अक्षर कसं साठवतो ते थोडं पाहावं लागेल.

आपल्याला "५" आणि "5" हा एकच आकडा वाटतो, कारण दोन्ही पाहून मनात पाचच येतात. संगणकाला मात्र आकार कळत नाही आणि किंमतही कळत नाही. त्याच्याकडे प्रत्येक चिन्हाला एक अनुक्रमांक असतो. इंग्रजी 0चा क्रमांक ४८, 1चा ४९, असं करत 9चा ५७. हे क्रमांक आस्की नावाच्या जुन्या तक्त्यातून आले. पुढे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोड आलं, त्यात देवनागरी ०ला २४०६ क्रमांक मिळाला आणि ९ला २४१५. टेलिफोन नंबर हा यंत्राच्या दृष्टीने अक्षरांची माळ असते, त्यामुळे "५०२५..." आणि "5025..." या त्याच्यासाठी दोन वेगळ्या माळा आहेत. "राम" आणि "Ram" जितके वेगळे, तितक्याच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. दोन्ही ओळींत दहाही आकडे सलग, क्रमाने, एकही खड्डा न ठेवता बसवलेले आहेत. म्हणजे २४०६मधून ४८ वजा केले की २३५८ उरतात, आणि हा फरक दहाही आकड्यांना सारखाच लागू पडतो. ५चा क्रमांक २४११. त्यातून २३५८ गेले की ५३. आणि ५३ हा बरोबर इंग्रजी 5चा क्रमांक. तक्ता नको, पाठांतर नको, एक वजाबाकी पुरते.

याहून मजा सोळाच्या पायावर लिहिलं की दिसते. संगणकवाले क्रमांक दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहितात. तिथे ९नंतर A, B, C, D, E, F येतात आणि F म्हणजे पंधरा. इंग्रजी आकडे 30 ते 39 असे बसतात, म्हणजे शेवटचा अंक हीच त्या आकड्याची किंमत. देवनागरी आकडे 0966पासून 096Fपर्यंत बसतात. शेवटचा अंक ६पासून सुरू होतो आणि ९शी येताना F होतो; सहा अधिक नऊ, पंधरा. ओळीच्या अगदी शेवटच्या घरापर्यंत आकडे भरलेत, पुढे एकही घर उरलेलं नाही. ही मांडणी युनिकोडने बरीचशी आपल्याकडच्या इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतली. इस्कीमध्ये ब्राह्मीतून आलेल्या प्रमुख भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवल्या होत्या, म्हणून युनिकोडमध्येही गुजराती आकडे देवनागरी आकड्यांच्या बरोबर ३८४ घरं पुढे, त्याच क्रमाने आहेत. नवापूरकडच्या शेतकऱ्याने गुजराती कीबोर्डवरून ૫ टाकला तर त्याला तेवढीच सोपी वजाबाकी चालते, फक्त २३५८ऐवजी २७४२ वजा करायचे.

हे क्रमांक फाइलमध्ये लिहिताना बाइटमध्ये मोडले जातात. हल्लीची नेहमीची पद्धत यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी आकड्याला एक बाइट लागतो आणि देवनागरी आकड्याला तीन. दहाही देवनागरी आकड्यांचे पहिले दोन बाइट एकच, E0 A5. तिसरा तेवढा A6 ते AF बदलतो. दहा आकडी नंबर सगळा इंग्रजीत असेल तर १० बाइट, सगळा देवनागरीत असेल तर ३०. अर्धवट मिसळलेला असेल तर मधलं काहीतरी, आणि त्यावरून किती आकडे देवनागरी आहेत तेही सांगता येतं: बाइटमधून १० वजा करा आणि दोनने भागा. २२ बाइटच्या नंबरात सहा देवनागरी आकडे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर माझी ओळ काय होती? "0 ते 9 सोडून बाकी सगळं काढून टाक." मोकळ्या जागा, आडव्या रेघा, कंस, +91मधलं अधिकचिन्ह, असा कचरा झाडायला सगळेच ही ओळ लिहितात. पण तिच्या हिशोबात देवनागरी ५ हासुद्धा कचराच. आबांचा नंबर तिरक्या रेघेसकट झाडला गेला, आणि मागे उरलं 5031468207. दहा आकडे पूर्ण. खऱ्या नंबराच्या बाबतीत पुढची तपासणीही खूश होते, कारण दहा आकडे आहेत आणि पहिला आकडा ६, ७, ८, ९पैकी आहे. कुठेही लाल अक्षरं नाहीत. मेसेज सुरतेला गेला.

आबांनी एकच नंबर देवनागरीत लिहिला असता तर झाडून शून्य आकडे उरले असते, फॉर्मने तक्रार केली असती आणि चूक त्याच दिवशी कळली असती. अर्धवट मिसळलेला नंबरच घातक ठरला.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी आकडे बदलायचे, मग कचरा झाडायचा, मग मोजायचं. आबांच्या ओळीवर हा क्रम चालवला तर वजाबाकीनंतर दोन्ही नंबर इंग्रजी होतात, रेघ झाडल्यावर वीस आकडे उरतात, आणि वीस आकड्यांचा नंबर भारतात नसतो. आंतरराष्ट्रीय नियमातही देशाचा अंक धरून कमाल पंधराच. इथे प्रोग्रामने शहाणपणा करून पहिले दहा उचलू नयेत. "एकच नंबर लिहा" असं सांगून फॉर्म परत द्यावा.

पायथनमध्ये बदल एवढाच:

```python
import unicodedata

def ank(s):
    return "".join(
        str(unicodedata.decimal(c)) if c.isdecimal() else c
        for c in s)
```

यात २३५८ कुठेच दिसत नाही, कारण प्रत्येक आकड्याची किंमत युनिकोडच्या तक्त्यातच नोंदलेली असते आणि ती थेट विचारता येते. त्यामुळे गुजराती आणि उर्दू आकडेही फुकटात सुटतात.

`isdecimal` मुद्दाम घेतलंय. त्याच्या शेजारचं `isdigit` घेतलं तर ते वर्गाचा बारीक ² हासुद्धा आकडा मानतं, आणि किंमत विचारली की कोलमडतं. इथे भाषाभाषांत एकमत नाही. पायथनच्या शोधनमुन्यात `\d` म्हणजे कुठल्याही लिपीतला आकडा, जावास्क्रिप्टमध्ये त्याच `\d`चा अर्थ फक्त 0 ते 9. त्यामुळे पायथनमधली तपासणी "५०२५७४१३६९"ला दहा आकडी म्हणून आनंदाने पास करते आणि तसाच साठवते, तर जावास्क्रिप्ट तोच नंबर नाकारतं. युनिकोडचं सामान्यीकरण, एनएफकेसी, चालवलं की हे आपोआप होईल असंही काहींना वाटतं. होत नाही. जपानी मजकुरातले रुंद आकडे त्याने साधे होतात, देवनागरी आकडे मात्र जसेच्या तसे राहतात.

या सगळ्यात मराठीचा अपमान शोधणारे भेटतात, आणि संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा असल्याचं नासाने मान्य केल्याचे मेसेज पाठवणारेही भेटतात. इंग्रजी म्हणतो ते आकडे मुळात आपल्याच ब्राह्मी अंकांची अरबांमार्फत युरोपात गेलेली लेकरं आहेत. राज्यघटनेच्या ३४३व्या कलमात त्यांना भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप म्हटलंय. आणि नंबराच्या आकड्यांची बेरीज करून भाग्यशाली सिम विकणाऱ्यांना मला एकदा विचारायचंय की बेरीज ५ची करायची की २४११ची.

राहिला जुना साठा. ती झाडणारी ओळ लिहिण्याआधीच आमच्या यादीत किती नंबर असे पडून होते? बाइटची युक्ती इथे वापरली: जिथे बाइट अक्षरांपेक्षा जास्त, तिथे काहीतरी बिगरइंग्रजी आहे. फक्त देवनागरी आकडे नसतात तिथे; व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेल्या नंबरांसोबत कधीकधी डोळ्यांना न दिसणारी दिशादर्शक चिन्हंही येतात. आमची यादी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे, तिथे आकड्यांपुरतं काम असं होतं:

```sql
UPDATE shetkari
SET phone = translate(phone, '०१२३४५६७८९', '0123456789')
WHERE phone ~ '[०-९]';
```

हे पहिल्यांदा चालवलं तेव्हा अडलं. एक नंबर दोनदा येऊ नये अशी अट त्या रकान्यावर होती, आणि ती इतके दिवस फसत होती. एकाच शेतकऱ्याची एक नोंद देवनागरीत आणि एक इंग्रजीत. दोन्ही इंग्रजी झाल्याबरोबर टक्कर. मग आधी बदललेल्या रूपावर गट पाडून जोड्या काढल्या आणि एकेका जोडीला फोन करून विचारलं. काही ठिकाणी बाप-लेकांचा नंबर एकच होता, म्हणजे नोंदी वेगळ्या ठेवणंच बरोबर होतं आणि आमची अटच चुकीची होती. मूळ टाइप केलेला मजकूर आता वेगळ्या रकान्यात तसाच ठेवतो. तो आधी ठेवला असता तर आबांचा नंबर शोधून काढता आला असता. झाडलेल्या ओळीत काय होतं हे सांगायला कुणीच उरलं नव्हतं. आबांनाच पुन्हा विचारावं लागलं.

रकाना संख्येचा नाही, मजकुराचा ठेवलाय. जळगावचा 0257 संख्या म्हणून साठवला की पुढचं शून्य जातं आणि 257 उरतो.

गेटवरच्या फळ्यावर लावायची यादी मात्र मराठीच हवी, आबांना तीच वाचता येते. छापताना तेच २३५८ परत मिळवतो. ब्राउझरला मराठीत संख्या लिही म्हटलं तर तोही देवनागरी आकडे देतो, पण त्याला ती मोठी रक्कम वाटते. पहिल्या दिवशी फळ्यावर ५,०२,५७,४१,३६९ असं लागलं होतं. आबा बराच वेळ ते बघत उभे होते.