गृहीतमध्य कुठलाही धरला तरी चालतो

«वर्गीकृत तक्त्यावरून मध्य, म्हणजे सरासरी, काढताना गृहीतमध्य मधल्या वर्गाचाच धरायचा ना? दुसरा धरला तर उत्तर चुकतं म्हणे.»

नाही चुकत. 25 मुलांचे गुण घ्या: 0-10 मध्ये 4, 10-20 मध्ये 6, 20-30 मध्ये 10, 30-40 मध्ये 5. वर्गमध्य 5, 15, 25, 35. सरळ पद्धतीने बेरीज 20 + 90 + 250 + 175 = 535, भागिले 25, म्हणजे 21.4.

आता गृहीतमध्य 25 धरा. वर्गमध्यातून 25 वजा केले की विचलनं -20, -10, 0, 10. वारंवारतेने गुणून बेरीज -90, सरासरी -3.6. 25 मधून 3.6 गेले, 21.4. गृहीतमध्य 15 धरला तर बेरीज 160, सरासरी 6.4, पुन्हा 21.4. अगदी 100 धरा, तेच येईल. फक्त आकडे मोठे होतात. मधला वर्ग घेतात तो हातच्या आकडेमोडीसाठी. उत्तर बदललं तर बहुतेक वेळा उणे चिन्ह सुटलेलं असतं, किंवा 25 ऐवजी वर्गांच्या संख्येने, 4 ने, भागलेलं असतं.

खरी अंदाजाची जागा वर्गमध्यात आहे, कारण वर्गातल्या प्रत्येकाला तेवढेच गुण धरतो. 20-30 मधल्या दहाही मुलांना 21 गुण असतील आणि बाकीचं तसंच धरलं, तर बेरीज 40 ने घटून मध्य 19.8 होतो. तक्त्यावरून ते कळत नाही.