सातबाऱ्यावरचा सुपडू आणि दाखल्यावरचा सुरेश

खानदेशात पूर्वी मूल जगत नसेल तर जन्मलेल्या बाळाला सुपात ठेवत आणि नाव ठेवत सुपडू. उकिरड्यावर टेकवून उचललेला उखर्डू, मागून घेतलेला भिका. वाईट नजरेला भुरळ पडू नये म्हणून मुद्दाम साधी नावं ठेवायची. हीच नावं पुढे तलाठ्याच्या दप्तरात गेली. शाळेत घालताना मात्र गुरुजींनी 'सुरेश' लिहिलं. एका माणसाची दोन नावं झाली, ती अशी.

ती जोडणारा 'उर्फ' अरबीतला. मूळ अर्थ ओळखीचं, लोकांत रूढ असलेलं. फारसी दप्तरांतून तो मराठीत आला. खानदेशावर आधी फारुकी सुलतान, मग 1601 पासून मोगल, तेव्हा हा शब्द इथे जुनाच. म्हणून रीतही तशीच: आधी मूळ नाव, मग ज्या नावाने लोक ओळखतात ते. धरणगावात जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे उर्फ बालकवी. इंग्रजी कारभारात आलेला 'एलियस' लॅटिन, अर्थ 'अन्यथा'. पोलिसांच्या कागदांत त्याच्या जागी @ ही खूण दिसते. तेवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. तिथेही काम ओळख पटवण्याचंच.

अडचण येते ती वारस लावताना. समजा सातबाऱ्यावर 'सुपडू धना पाटील' आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'सुरेश धना पाटील'. तलाठ्यापुढे मेलेला सुरेश आणि जमीनमालक सुपडू, ही दोन माणसं. मुलांना मग दोन्ही एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, जुने फेरफार असं सगळं जमवावं लागतं. फेरफार लिहिला की हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. गावात दुसरा सुपडू असेल तर बापाचं नाव आणि गट नंबरच निवाडा करतात. 'सुपडू उर्फ सुरेश' हे वडील जिवंत असताना नोंदलं असतं, तर त्यांनी स्वतः सांगितलं असतं. मागे राहिलेल्यांना ते सिद्ध करावं लागतं, आणि माझ्या मनाला हेच जास्त लागतं.

लेकींचं दुखणं याहून वेगळं. सासरी नाव बदललेलं, माहेरच्या वारस नोंदीत लहानपणचं. तिथे 'कमल उर्फ सुनंदा' असं दोन्ही लिहून घेतलं नाही, तर पुढे तिच्या हिश्श्याची खरेदी किंवा हक्कसोड करताना आधार कार्डाशी नाव जुळत नाही.

मूळ फेरफारात 'उर्फ' होतं आणि संगणकावर उतरवताना गळलं, तर ती लेखनाची चूक. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती मागता येते. सोबत जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची आणि त्या फेरफाराची नक्कल जोडावी. मुळातच नव्हतं, तर हे कलम उपयोगी पडत नाही. आणि 'उर्फ'ने नाव बदलत नाही, दोन नावं एका माणसाला बांधली जातात. जुनं नाव सोडायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. तरीही सातबाऱ्यावरचा सुपडू आपोआप पुसला जात नाही. त्यासाठी तलाठ्याकडे वेगळा अर्ज करावाच लागतो.