पार्श्वभूमी : 'सी' रिव्हिजनसोबत गेलेलं पत्र

बेअरिंग हाउसिंगच्या ड्रॉइंगची 'सी' रिव्हिजन, म्हणजे तिसरी सुधारित आवृत्ती, मशिन शॉपमध्ये गेली, तेव्हा डिझाइनमधल्या इंजिनिअरनं मशिनिस्टला सोबत दोन पानांचं पत्र दिलं. त्यातलं कामाचं वाक्य एकच आहे : 'बोअर आणि स्पिगट एकाच सेटिंगमध्ये घ्या, पिनच्या भोकांसाठी आता वेळ घालवू नका.' बोअर म्हणजे हाउसिंगमधलं बेअरिंग बसायचं भोक आणि स्पिगट म्हणजे तळाला बाहेर आलेला गोल उंचवटा. ड्रॉइंग हातात असताना हे वेगळं लिहून का द्यावं लागलं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

एके काळी ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, नसायचाच. माप एकच आकडा असे आणि शेजारी 'फिरता बसावा' किंवा 'ठोकून बसवावा' अशी सूचना. फिटर कानस घेऊन जोडीचे भाग एकमेकांना जुळवून द्यायचा. सुटे भाग अदलाबदल करता यावेत ही गरज वाढली तशी मापाला वरची आणि खालची हद्द आली, आणि त्यांच्यासोबत माप हद्दीत आहे की नाही एवढंच सांगणारं गो–नो गो गेज. भोकाची जागा मात्र बराच काळ उभ्या-आडव्या अधिक-उण्यानं, म्हणजे चौकोनातच, मोजली जायची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास टॉर्पेडो बनवणाऱ्या एका कारखान्यात हा चौकोन नडला. त्याच्या कोपऱ्यावर पडलेलं भोक चालत असेल, तर केंद्रापासून तितक्याच अंतरावर दुसऱ्या दिशेला पडलेलंही चालायला हवं. चौकोनाभोवती वर्तुळ काढलं की जागा सुमारे ५७ टक्के वाढते. तोवर कितीतरी चांगले जॉब उगाच नापास होत होते.

रिव्हिजनची शिस्त आली ती ट्रेसिंगच्या दिवसांत. मूळ ट्रेसिंग एकच असायचं. बदल करायचा तर ब्लेडनं शाई खरवडायची, नवं माप लिहायचं, कोपऱ्यातल्या तक्त्यात पुढचं अक्षर, तारीख आणि सही टाकायची आणि अमोनियाच्या नव्या प्रती काढायच्या. खरवडलेली जागा कागदावर दिसायची, त्यामुळे बदल कुठे झालाय हे मशिनवरचा माणूस बोटानं दाखवायचा. आता पीडीएफ स्वच्छ येते. तक्त्यात 'बदलपत्रानुसार सुधारणा' एवढंच असतं आणि बदललेल्या मापाभोवती ढगासारखी खुणेची रेघ काढायचा कंटाळा केला, तर दोन प्रती शेजारी ठेवून एकेक माप ताडून पाहणं एवढंच उरतं. माझ्या मते तक्त्यात काय बदललं आणि का बदललं, दोन्ही लिहायला हवं. 'का' लिहिलेलं नसलं की पुढचा माणूस जुन्या टॉलरन्सला हात लावत नाही.

या हाउसिंगच्या बाबतीत नेमकं तेच झालं. एकच शाफ्ट समोरासमोरच्या दोन हाउसिंगमध्ये फिरतो. 'ए' रिव्हिजनमध्ये हाउसिंगची बेसवरची जागा ८ मिमीच्या दोन डॉवेल पिन ठरवायच्या. त्यामुळे पिनची भोकं रिमर केलेली होती आणि त्यांच्या जागेला ±०.०२ चा टॉलरन्स होता. तेव्हा तो खरोखर आवश्यक होता, कारण भोक सरकलं की बोअर सरके आणि दोन्ही बेअरिंग एका रेषेत राहत नसत.

'बी' मध्ये हाउसिंगच्या तळाला ७५ मिमीचा स्पिगट आला आणि बेसमध्ये त्याच्यासाठी गोल खाच. आता जागा स्पिगट ठरवू लागला. पण पिन काढल्या नाहीत आणि त्यांचा ±०.०२ ही तसाच राहिला. एकाच भागाची जागा दोन गोष्टी ठरवू लागल्या की त्या भांडतात. स्पिगट खाचेत बसला की पिन अडायच्या, आणि पिन ठोकल्या की स्पिगट एका बाजूला दाबला जायचा. बोल्ट आवळण्याआधी हातानं सहज फिरणारा शाफ्ट आवळल्यावर जड व्हायचा. असेंब्लीतल्या फिटरनी गुपचूप पिनची भोकं मोठी करायला सुरुवात केली. म्हणजे मशिनिस्ट ज्या दोन भोकांवर सर्वांत जास्त वेळ घालवत होता, तीच पुढच्या टेबलावर बिघडवली जात होती, आणि हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय 'बी' हाउसिंग खाच नसलेल्या जुन्या बेसवर बसतच नाही. जे अदलाबदल करता येत नाही त्याला नवा पार्ट नंबर द्यायचा असतो, नुसतं पुढचं अक्षर नाही. ती चूक होती, असं मला स्पष्ट वाटतं.

खरा गुंता 'क्रिटिकल' या शब्दाचा आहे. डिझाइनवाल्याच्या तोंडी क्रिटिकल म्हणजे जे माप चुकलं तर यंत्र नीट चालणार नाही. तपासणीच्या माणसाला ते शंभर टक्के जॉबवर मोजायचं माप वाटतं. मशिनिस्ट क्रिटिकल म्हणतो ते राखायला अवघड मापाला. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि म्हणूनच बैठकीत मान डोलावून वेगवेगळी कामं करायला जातात. पिनची भोकं अवघड होती, पण 'बी' पासून ती महत्त्वाची राहिली नव्हती. उलट बोअर आणि स्पिगट यांची समकेंद्रता 'बी' वर लिहिलेलीच नव्हती, कारण ती डिझाइनवाल्यानं गृहीत धरली होती. बोअरचं ५२ मिमीचं माप वर ०.०३० आणि खाली शून्य या हद्दीत, स्पिगट वर शून्य आणि खाली ०.०१९ या हद्दीत. दोन्ही वेगवेगळे मोजले तर पास. पण बोअर घेतल्यावर जॉब उलटून तीन जबड्यांच्या चकमध्ये धरला आणि मग स्पिगट काढला, तर दोघांची केंद्रं सहज पाच शतांश इकडेतिकडे जातात, आणि गो–नो गो गेजला त्यातलं काही कळत नाही.

म्हणून 'सी' मध्ये तीन गोष्टी झाल्या. बोअर आणि स्पिगटची समकेंद्रता ०.०२ मिमी व्यासाच्या वर्तुळात हवी, असं ड्रॉइंगवर लिहिलं गेलं. पिनची भोकं ९ मिमीची साधी ड्रिल केलेली झाली, काढून टाकली नाहीत, कारण पिन ठोकलेल्या 'बी' बेसवरही नवं हाउसिंग बसायला हवं. एम८ बोल्टची भोकंही ९ चीच राहिली, जागेला ०.५ मिमी व्यासाचं वर्तुळ मिळालं. भोक आणि बोल्टमध्ये १ मिमी मोकळीक आहे, त्यातली अर्धी हाउसिंगला आणि अर्धी बेसमधल्या आट्यांच्या भोकांना. हा आकडा हिशेबातून आला आहे. आधीचे आकडे सवयीनं पुढे चालत आले होते.

एका मुद्द्यावर मात्र वाद झाला. पत्राच्या पहिल्या मसुद्यात 'भोकं थोडी बाहेर गेली तरी चालतील' असं वाक्य होतं. ते काढलं, आणि ते काढायलाच हवं होतं. तपासणी ड्रॉइंगवरून होते, पत्रावरून होत नाही. मशिनिस्टनं पत्रावर विश्वास ठेवून ०.५ च्या ऐवजी ०.६ च्या वर्तुळात भोक पाडलं, तर जॉब नाकारला जाईल आणि दोष त्याच्या माथी येईल. सूट द्यायची तर ड्रॉइंग बदलायचं, नाहीतर काम सुरू होण्याआधी लेखी डेव्हिएशन घ्यायचं. चुकून झालेल्या जॉबसाठी कन्सेशन असतं, तेही त्या मोजक्या नगांपुरतंच. पत्रानं मापाचं कारण सांगावं. मापाची हद्द बदलणं त्याच्या हातात नसतं.

अखेरच्या पत्रात एवढंच राहिलं आहे : बोअर आणि स्पिगट जॉब न सोडता एकाच धरणीत घ्यावेत. ते जमत नसेल तर उलटल्यावर मऊ जबडे त्याच मापाला बोअर करून धरावं, आणि स्पिगट काढल्यावर त्याच धरणीत डायल लावून बोअर फिरवून पाहावा. डायलचा काटा एकूण दोन शतांशापेक्षा जास्त हलला, तर पुढचा नग थांबवून फोन करावा. 'बी'ची जुनी प्रत मशिनशेजारून काढून पत्रासोबत परत पाठवावी, असंही शेवटी लिहिलं आहे.